वहीत जिंकणारे घोडे

दिवाळीच्या पाडव्याला जुन्या मंडळींत द्यूतप्रतिपदा असेही म्हणतात. त्या दिवशी शंकर-पार्वती द्यूत खेळले आणि पार्वती जिंकली, अशी कथा आहे. पाडव्याला जो जिंकेल त्याचे वर्ष चांगले जाईल, अशी समजूतही त्यातूनच आली. या खेळाविषयी माझी काही तक्रार नाही. चार आणे-आठ आणे लावावेत, हरल्यावर हसावे आणि फराळाच्या ताटाकडे वळावे. पाडव्याचा जुगारी आपण नशिबावर खेळतो आहोत हे जाणून असतो. मला काळजी वाटते ती दुसऱ्या जातीच्या खेळाडूची. त्याच्याजवळ एक नियम असतो आणि तो नियम खरा असल्याचा पुरावा म्हणून एक वही असते.

अशी एक वही गेल्या वर्षी माझ्या हाती आली. वहीचे मालक माझे पुण्याचे एक स्नेही. नोकरीत होते तेव्हा पावसाळ्यात पुण्याच्या आणि हिवाळ्यात महालक्ष्मीच्या शर्यतींना अधूनमधून जात. पन्नासाची नोट लावत आणि बहुधा ती तिथेच ठेवून येत. निवृत्त झाल्यावर हाती फंडाचे पैसे आले आणि मोकळा वेळही आला. या दोन गोष्टी एकाच वेळी येऊ नयेत, पण त्या नेहमी तशाच येतात! त्यांनी पुण्याच्या एका सरलेल्या हंगामाचे सगळे निकाल गोळा केले आणि त्यांवर आपला नियम चालवून पाहिला. नियम दिसायला अगदी शहाणा होता : ज्या जॉकीने चालू हंगामात निदान वीस शर्यती केल्या आहेत आणि त्यांतल्या शंभरी पंधरापेक्षा जास्त जिंकल्या आहेत, त्याचा घोडा एकास चार भावाने मिळत असेल तर त्यावर शंभर रुपये लावायचे. वहीप्रमाणे असे शंभर डाव झाले आणि त्यांतले तीस लागले. लावले दहा हजार, हाती आले पंधरा हजार. नफा पाच हजार, म्हणजे शेकडा पन्नास!

"अहो, बँक सात टक्के देताना कुरकुर करते," ते म्हणाले, "आणि इथे पन्नास! तीन लाख बाजूला काढून ठेवलेत. तुम्ही फक्त हिशेब तपासा. बेरीज चुकली नाही ना, एवढेच बघा."

बेरीज बिनचूक होती. बिघाड होता तो बेरजेच्या आधी.

मी त्यांना एकच प्रश्न विचारला : "हा जॉकी शंभरी पंधराच्या वरचा आहे, हे तुम्हाला कुठून कळले?" त्यांनी हंगाम संपल्यावरचा तक्ता पुढे केला. त्यात प्रत्येक जॉकीच्या शर्यती, जिंकलेल्या शर्यती आणि शेकडेवारी छापली होती. त्या तक्त्यातून त्यांनी पंधराच्या वरचे जॉकी निवडले आणि पहिल्या दिवसापासून त्यांचे डाव वहीत मांडले. आता गंमत पाहा. तो तक्ता तयार झाला ऑक्टोबरात, आणि वहीत पैसे लावले जात होते जुलैत! जुलैतल्या त्या दुपारी तिकिटाच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला हा तक्ता मिळणेच शक्य नव्हते. शिवाय त्या तक्त्यात ज्या विजयांची गणती होती, त्यांतले काही विजय वहीतल्याच डावांचे होते. म्हणजे ज्या शर्यतींवर नियमाची परीक्षा घ्यायची, त्याच शर्यतींचे निकाल नियमाला आधी वाचून दाखवले होते. प्रश्नपत्रिकेबरोबर उत्तरपत्रिकाही द्यायची आणि मग पोरगा हुशार निघाला म्हणून पेढे वाटायचे, असला हा प्रकार.

याने किती फरक पडतो हे एका जॉकीवरून कळेल. या जॉकीचा हंगाम थाटात सुरू झाला : पहिल्या वीस शर्यतींत सहा विजय, म्हणजे शंभरी तीस. पुढे त्याचे दिवस फिरले. पुढल्या चाळीस शर्यतींत तो तीनच जिंकला, म्हणजे साठ शर्यतींत नऊ, शंभरी बरोबर पंधरा. उरलेल्या चाळीसांत आणखी तीन. हंगामाच्या शेवटी शंभरात बारा. शेवटच्या तक्त्यात तो पंधराच्या खाली, म्हणून वहीत त्याचे नावच नाही. पण नियम प्रामाणिकपणे, त्या त्या दिवशी पाळला असता तर काय झाले असते? एकविसाव्या शर्यतीपासून साठाव्यापर्यंत तो नियमात बसत होता आणि नेमक्या त्याच काळात तो हरत होता. त्या चाळीसांपैकी बारा वेळा त्याचा भाव एकास चार होता आणि त्यांत तो एकदाच जिंकला. बाराशे गेले, पाचशे आले, सातशेचा खड्डा. हा खड्डा वहीत नव्हता. शेवटच्या तक्त्याने असे सगळे घसरणारे जॉकी आपोआप गाळले होते आणि चढणारे तेवढे ठेवले होते. गतकाळाचा हिशेब करताना भविष्य असे पावलांचा आवाज न करता आत येते.

दुसरी फट भावाची. स्नेह्यांनी भाव घेतले होते दुसऱ्या दिवशीच्या निकालातून, म्हणजे शर्यत सुटतानाचे. रेसकोर्सवर भाव हलता असतो. अर्ध्या तासापूर्वी एकास सहा असलेला घोडा शेवटी एकास चारवर येतो, चारचा घोडा तीनवर येतो. तुमच्या नियमात 'भाव चार असला तर' ही अट आहे. मग ती अट पैसे लावण्याच्या क्षणी तपासता आली पाहिजे. बुकीकडे निदान जो भाव ठरला तो आपला. टोटवर खेळाल तर तेही नाही. तिथे सगळ्यांचे पैसे एका भांड्यात जमतात, कर आणि क्लबचा वाटा वजा होतो आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. वाटणीचा आकडा खिडकी बंद झाल्यावरच पक्का होतो, आणि तुमचे स्वतःचे पैसेही तो आकडा थोडा खाली ओढतात. शंभर रुपयांनी फारसे नाही, पण लहान भांड्यात दहा हजार टाका म्हणजे कळेल!

अशाच आणखी एका फटीविषयी सांगून ठेवतो, कारण पुष्कळांच्या वह्या तिच्यातून गळतात. हँडिकॅपर प्रत्येक घोड्याला एक रेटिंग देतो आणि घोडा जिंकला की ते वाढवतो. आजचे रेटिंग घेऊन गेल्या वर्षीच्या शर्यती तपासल्या, तर वरच्या रेटिंगचे घोडे भराभर जिंकलेले दिसतात. दिसणारच! ते जिंकले म्हणूनच त्यांचे रेटिंग वर गेले आहे.

यावर उपाय साधा आहे, फक्त चिकाटीचा आहे. वहीतल्या प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर लिहायचे : ही गोष्ट मला केव्हा कळली? उत्तरे तीनच. आदल्या रात्री, शर्यतीच्या पाच मिनिटे आधी, किंवा शर्यतीनंतर. तिसऱ्या जातीच्या माहितीला निवडीत पाऊल टाकू द्यायचे नाही. तिचा उपयोग फक्त पैसे मोजण्यापुरता. जॉकीची शेकडेवारी आदल्या दिवसापर्यंतची, रोज नव्याने काढलेली. भाव शर्यतीच्या पाच मिनिटे आधीचा, आणि तो मिळत नसेल तर तो डाव वहीतून बाद. अशी वही भरताना पान झाकून पुढे जायचे असते : आधी डाव लिहायचा, मग हात सरकवून निकाल पाहायचा.

स्नेह्यांनी वही पुन्हा भरली. या कामी त्यांचे दोन महिने गेले, आणि त्या दोन महिन्यांत त्यांनी एक पैसा लावला नाही, हा पहिला फायदा. काही डाव गळले, काही नवे आले, आणि योगायोगाने डाव पुन्हा शंभरच भरले. लागले मात्र पंचवीस. दहा हजारांचे साडेबारा हजार. पन्नास टक्क्यांचे पंचवीस झाले.

"अर्धे गेले," ते म्हणाले, "पण पंचवीसही काही थोडे नाहीत. आता तरी वही स्वच्छ आहे ना?"

वही पहिल्यापेक्षा स्वच्छ होती. पण आता वेगळाच प्रश्न उभा राहिला. हे पंचवीस विजय नियमाचे, की नशिबाचे?

हा प्रश्न घरी बसून तपासता येतो. एका डब्यात पाच चिठ्ठ्या टाका, चार कोऱ्या आणि एक लाल. डोळे मिटून एक काढा, पाहा, परत टाका, डबा हलवा. असे शंभर वेळा करा. एकास चार भावाला फायदाही नाही नि तोटाही नाही अशी स्थिती म्हणजे पाचात एक विजय, आणि आपल्या डब्यात नेमके तेवढेच आहे. (हा भाव कर वगैरे जाऊन हातात पडणारा, असे धरले आहे, तसे नसेल तर पाचात एकाहून जास्त विजय हवेत.) लाल चिठ्ठी सरासरीने वीस वेळा येईल. पण दर खेपेला बरोबर वीस येणार नाही. कधी सतरा, कधी तेवीस. या हेलकाव्याचे माप काढण्याची रीत सोपी आहे : डावांची संख्या, जिंकण्याचे प्रमाण आणि हरण्याचे प्रमाण यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ घ्यायचे. शंभर गुणिले एक पंचमांश गुणिले चार पंचमांश म्हणजे सोळा, आणि सोळाचे वर्गमूळ चार. संख्याशास्त्रात याला प्रमाण विचलन म्हणतात. आपण हेलकावाच म्हणू. वीसच्या खालीवर एक हेलकावा, म्हणजे सोळा ते चोवीस, ही रोजचीच गोष्ट. दोन हेलकाव्यांच्या पलीकडे, म्हणजे अठ्ठावीसच्या वर, गेले तर भुवई उंचवावी.

स्नेह्यांचे पंचवीस हे वीसपासून सव्वा हेलकाव्यावर आहेत. ज्याला घोड्यातले ओ की ठो कळत नाही अशा माणसाला निव्वळ चिठ्ठ्या काढून शंभरात पंचवीस किंवा अधिक विजय मिळण्याची शक्यता शेकडा तेरा आहे. म्हणजे असे शंभर आंधळे बसवले तर त्यांतले तेरा आपल्या स्नेह्यांइतके किंवा त्यांच्याहून हुशार ठरतील, आणि त्या तेरांपैकी प्रत्येकाजवळ आपल्या यशाचे एकेक कारण असेल!

इथे मी आणखी एक प्रश्न विचारला, आणि तो त्यांना थोडा झोंबला. "पंधरा टक्के हा आकडा कसा ठरवलात? बारा का नाही? अठरा का नाही? आणि वीसच शर्यती का?" ते सरळ माणूस, त्यांनी वहीची मागची पाने दाखवली. तिथे दहा, बारा, पंधरा, अठरा टक्के. दहा, वीस, तीस शर्यती. भाव तीन, चार, पाच. अशा वीसेक तऱ्हा करून पाहिल्या होत्या, आणि सगळ्यांत जी जास्त पैसे देत होती ती पुढच्या पानावर आणली होती. आता हिशेब पाहा. एका आंधळ्या नियमाला पंचवीस विजय मिळण्याची शक्यता शंभरी तेरा. वीस आंधळे नियम एकमेकांशी संबंध न ठेवता तपासले, तर त्यांतल्या निदान एकाला तरी तेवढे मिळण्याची शक्यता शंभरी चौऱ्याण्णव होते. स्नेह्यांच्या वीस तऱ्हा एकमेकींच्या चुलत बहिणी होत्या, म्हणून खरा आकडा काहीसा कमी. पण मुद्दा बदलत नाही. वीस नियम तपासल्यावर एक चांगला दिसला यात नवल नाही. एकही दिसला नसता तरच नवल होते.

म्हणून नियम जुळवायचे हंगाम वेगळे आणि तपासायचा हंगाम वेगळा. जुन्या हंगामांवर हवे तेवढे प्रयोग करावेत. मग एक नियम, आकड्यांसकट, कागदावर लिहून बंद करावा आणि पूर्वी न पाहिलेल्या हंगामावर एकदाच चालवावा. एकदाच! निकाल पाहून पंधराचे सोळा केले की तो हंगामही उष्टा झाला. आता तपासणीला तिसरा आणा. हाँगकाँगच्या शर्यतींत गणिताच्या बळावर अफाट पैसा मिळवणाऱ्या विल्यम बेंटर या अमेरिकन गृहस्थाने १९९४ साली आपली रीत लिहून प्रसिद्ध केली. तीत एवढ्या नावाजलेल्या माणसाचाही आग्रह हाच आहे की, ज्या शर्यतींवर नियम बेतला त्यांवर तो तपासू नये, आणि या कामाला निदान पाचशे ते हजार शर्यती हाताशी असाव्यात.

आता शेवटचा प्रश्न, आणि तोच खरा महत्त्वाचा. समजा नियमात खरोखर राम आहे. पन्नास टक्के सोडा, दहा टक्क्यांचा खरा नफा आहे. आणि घोड्यांच्या बाजारात दहा टक्के म्हणजे फार झाले. एकास चार भावाला याचा अर्थ शंभरात वीसऐवजी बावीस विजय. हे दोन जादा विजय नशिबापासून वेगळे ओळखायला किती डाव लागतील?

शंभर डावांत फरक दोनाचा आणि हेलकावा चाराचा. काही दिसणार नाही. चारशे डावांत ऐंशीऐवजी अठ्ठ्याऐंशी; फरक आठ, हेलकावाही आठ. अजून धुके आहे. सोळाशे डावांत तीनशे वीसऐवजी तीनशे बावन्न. फरक बत्तीस आणि हेलकावा सोळा. इथे प्रथमच फरक दोन हेलकाव्यांइतका होतो. डाव चौपट केले की फरक चौपट होतो, पण हेलकावा दुप्पटच होतो. सगळी मेख या एका वाक्यात आहे. भाव जितका मोठा तितका हेलकावाही मोठा. एकास एक भावाच्या घोड्यांवर हाच दहा टक्क्यांचा नफा ओळखायला चारशे डाव पुरतात. एकास चोवीस भावाच्या घोड्यांवर खेळलात तर साडेनऊ हजारांच्या वर डाव लागतील. लांबच्या घोड्यांवर नियम बसवणाऱ्यांची दोन-चार घबाडे लागली की त्यांना नियम सिद्ध झाल्यासारखा वाटतो, त्याचे कारण हे.

उलट बाजूही सांगायला हवी. नियम खरोखर दहा टक्क्यांचा असला तरी चारशे डावांनंतर त्याचा मालक तोट्यात असण्याची शक्यता साधारण सहा-सात वेळांतून एकदा इतकी आहे. म्हणजे थोड्या डावांवरून खोटा नियम खरा वाटतो, तसाच खरा नियम खोटाही वाटतो. लहान वही कोणत्याच बाजूने साक्ष देत नाही.

सोळाशे डाव म्हणजे स्नेह्यांच्या वेगाने सोळा हंगाम. तोवर आजचे घोडे निवृत्त होतील, जॉकी ट्रेनर होतील, आणि नियम चांगला असेल तर इतरांनाही तो कळून भाव खाली येतील. पुरावा पुरा होईपर्यंत ज्याचा पुरावा जमवला तीच वस्तू बदललेली असेल. ही अडचण गणिताने सुटत नाही. पुष्कळ डाव लवकर मिळतील असा नियम शोधणे किंवा पुरावा अपुरा आहे हे ओळखून तेवढ्याच बेताने पैसे लावणे, हे दोनच मार्ग उरतात.

स्नेह्यांनी तीन लाख बँकेत ठेवले. वहिनींनी पावती आपल्या कपाटात ठेवली, हे त्याहून बरे झाले. नियम कागदावर लिहून त्यांनी पाकिटात बंद केला आणि पुढचा हंगाम नुसता कागदावर खेळले. रोज दुपारी शर्यतीच्या पाच मिनिटे आधी भाव टिपायचा आणि डाव लिहायचा. शहाण्णव डाव झाले, एकोणीस लागले. नऊ हजार सहाशे लावून साडेनऊ हजार परत. शंभर रुपयांचा कागदी तोटा.

वही घेऊन ते आले तेव्हा चेहरा तितकासा पडलेला नव्हता. "अहो, दोन्ही हंगाम एकत्र धरले तर एकशे शहाण्णव डावांत चव्वेचाळीस होतात," ते म्हणाले, "म्हणजे अजून मी वरच आहे की!"

मी म्हटले, एकत्र धरायचे नाहीत. पहिले शंभर डाव पाहूनच नियम निवडला होता. ते साक्षीदार नव्हेत, ते नियमाचे आईबाप आहेत, आणि आईबाप पोराविषयी चांगलेच बोलणार. साक्ष फक्त नंतरच्या शहाण्णवांची, आणि त्यांची साक्ष अशी की नियम चांगला आहे की वाईट हे अजून सांगता येत नाही. ते थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी पेन काढले, पहिल्या शंभर डावांवर एक आडवी रेघ मारली आणि वहीच्या नव्या पानावर लिहिले : एकूण डाव, शहाण्णव.